मदत हवी आहे: ऑक्सिजन भरपूर असूनही कर्कपेशी लॅक्टेट बाहेर का टाकतात?

मृण्मयी
एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला हाच वॉरबर्ग इफेक्ट घेतलाय आणि एका जागी अडले आहे.

एका ग्लुकोजचं नुसतं लॅक्टेट केलं तर २ एटीपी मिळतात, मायटोकाँड्रियात पूर्ण जाळलं तर ३० च्या आसपास. ट्यूमरच्या पेशी पहिलाच मार्ग धरतात. याचं कारण वाचनात येतं ते असं, की पेशीला दुप्पट व्हायचं असतं, त्यामुळे तिला ऊर्जेपेक्षा बांधणीसाठी कार्बन हवा असतो. पण आमच्या लॅबमधल्या हेला या कर्कपेशी ग्लुकोजचा मोठा भाग लॅक्टेट करून बाहेरच टाकतात. माध्यम पिवळं पडतं ते त्या आम्लामुळेच. कार्बन हवा असेल तर तीन कार्बनचा रेणू फुकट का घालवायचा?

विनायकराव
त्यांच्या मायटोकाँड्रिया बिघडलेल्या असतात, म्हणून नाइलाजाने किण्वन. खुद्द वॉरबर्गचंच हे म्हणणं होतं आणि त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं.

मृण्मयी
सर, आमच्याच लॅबची मोजणी याच्याशी जुळत नाही. मायटोकाँड्रियातलं एटीपी बनवणं रोखणारं ऑलिगोमायसिन दिल्यावर ऑक्सिजनचा वापर चांगलाच घटला, म्हणजे पेशी श्वसनातून एटीपी बनवत होत्या. नंतर श्वसन आणि एटीपी यांची गाठ सोडवणारं एफसीसीपी दिल्यावर तो मूळ पातळीच्याही वर गेला. म्हणजे श्वसनाची क्षमता शिल्लक आहे आणि पेशी ती वापरत नाहीये.

जुनापेशीवाला
मृण्मयी, तुझी शंका योग्य आहे. विनायकराव, काही ट्यूमरमध्ये मायटोकाँड्रियाचे एन्झाइम खरोखर बिघडलेले असतात, पण बहुतेकांत नाही. शिवाय नोबेल श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं, कॅन्सरच्या सिद्धान्तासाठी नव्हे.

आता हिशेब एटीपीचा न मांडता एनएडीचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूचा मांडून बघ. एनएडी प्लस हे त्याचं रिकामं रूप, एनएडीएच हे इलेक्ट्रॉन घेतलेलं. ग्लुकोजचं पायरुवेट होताना दोन एनएडी प्लसचे दोन एनएडीएच होतात. पायरुवेटचं लॅक्टेट केलं की दोन्ही परत मिळतात आणि खातं जुळतं. पण समज, वाटेतच ३-फॉस्फोग्लिसरेट काढून पेशीने सेरीन बनवलं. त्या कार्बनमागे एक एनएडी प्लस आधीच गेला, सेरीनच्या वाटेवर आणखी एक जातो, आणि परतफेड करायला पायरुवेटच उरत नाही. म्हणजे जितकी बांधणी जास्त, तितकी एनएडी प्लसची टंचाई.

ती श्वसनाने भरून काढता येते, पण श्वसन एटीपी बनवण्याशी बांधलेलं आहे. एटीपी खर्चच झाला नाही, तर पडद्यावरचा प्रोटॉनचा दाब चढलेला राहतो आणि इलेक्ट्रॉन पुढे सरकणं मंदावतं. एटीपी पुरेसा आहे पण एनएडी प्लस कमी, अशा वेळी लॅक्टेट ही मोकळी वाट. पेशी कार्बन घालवते ती इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी, आणि भोवती ग्लुकोज मुबलक असताना तो तोटा तिला परवडतो.

२०२१ मध्ये एमआयटीतल्या मॅथ्यू व्हँडर हायडन यांच्या गटाने हे तपासलं. पायरुवेटची मायटोकाँड्रियातली वाट अडवणारं पीडीके हे एन्झाइम रोखून पायरुवेट मायटोकाँड्रियात ढकललं, तर पेशींची वाढ मंदावली. मग श्वसन आणि एटीपी यांची गाठ सोडवल्यावर वाढ पुन्हा सुधारली. अडचण एटीपीची असती तर एटीपी कमी करणाऱ्या उपायाने सुधारणा झाली नसती. तुझ्या सेमिनारचा गाभा हाच ठेव.

सुलभाताई
विषय पूर्ण कळला नाही, पण विचारते. आईच्या पेट स्कॅनमध्ये एक गाठ चमकली. साखर घेते म्हणून डॉक्टरांनी आधी चार-सहा तास उपाशी ठेवलं होतं. मग आता तिचं गोड, भात सगळं बंद करू का?

जुनापेशीवाला
ताई, कृपया असं करू नका. जेवणात साखर नसली तरी यकृत ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी टिकवतं. आईचं वजन मात्र घटेल, आणि उपचारात ते फार महाग पडतं. उपास होता तो इन्सुलिन खाली राहावं म्हणून, नाहीतर स्नायूच तो किरणोत्सारी ग्लुकोज ओढून घेतात. चमकणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. क्षयाची गाठही चमकते, कारण तिथल्या पांढऱ्या पेशीही ग्लुकोज खेचतात. बायोप्सीचं काय ठरलंय ते डॉक्टरांना विचारा.

अनघा_पुणे
माझा एक आक्षेप. हेलाचं नेहमीचं माध्यम म्हणजे लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज, उपाशीपोटीच्या रक्ताच्या जवळपास पाचपट. इतकं ग्लुकोज दिल्यावर पेशी श्वसन आणखी कमी करतात, हे क्रॅबट्रीने १९२९ मध्येच दाखवलं होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना शस्त्रक्रियेवेळी खुणेचा कार्बन असलेलं ग्लुकोज दिलं, तर ट्यूमर ते जाळतानाही दिसले, आणि काही तर रक्तातलं लॅक्टेटच इंधन म्हणून वापरत होते. मग प्लेटमधलं चित्र शरीराला किती लागू करायचं?

जुनापेशीवाला
आक्षेप मान्य. एनएडीचा हिशेब शरीरातही तोच राहतो, पण टंचाई किती आणि कुठे, हे प्रत्येक ट्यूमरमध्ये वेगळं असू शकतं. यावर एकमत नाही.

मृण्मयी
दोघांचे आभार. लॅबमध्ये माध्यमातलं ग्लुकोज रक्ताच्या पातळीवर आणून लॅक्टेट मोजते, आणि पीडीके रोखून अगदी कमी एफसीसीपी देऊन बघते. एफसीसीपी जास्त झालं तर एटीपी कोसळून लॅक्टेट उलट वाढेल, ही भीती आहे. हेलासाठी मात्रा कशी ठरवली, हे कुणी सांगू शकेल का?