मदत हवी आहे: पाचव्या महिन्यात उठताना जांघेत चमक, थांबू की दाखवून येऊ?

तुळशीकट्टा
पहिलंच बाळंतपण आहे, आज १९ आठवडे ३ दिवस झाले. गेल्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठलं की उजव्या जांघेत सुरी खुपसल्यासारखी चमक निघते. काल बँकेत काउंटरवरून पटकन उठले आणि पुढचं पाऊलच टाकता येईना. टेबल धरून वाकून उभी राहिले, मनात दहा-पंधरा आकडे मोजले तोवर गेली. रात्री कूस बदलताना आणि शिंक आली की तेच. सासूबाई म्हणतात, शिरा ताणतात, होतंच. आईचं म्हणणं, उजवीकडे आहे तर अपेंडिक्स नाही ना ते बघ. डॉक्टरांकडची तारीख आठ दिवसांनी, अ‍ॅनोमली स्कॅनच्या वेळची आहे. नेटवर 'राउंड लिगामेंट पेन' असं नाव सापडलं. हे तेच का? आणि तेच आहे हे ओळखायचं कसं?

मोगरा२
शंभर टक्के तेच. मला दोन्ही वेळा झालं, दोन्ही वेळा उजवीकडेच. काही करावं लागत नाही, सातव्या महिन्यापर्यंत आपोआप कमी होतं. फारच दुखलं तर कॉम्बिफ्लाम अर्धी घे आणि पड.

वाटाण्याचीउसळ
मला कमरेपासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या यायच्या. फिजिओने सायटिका सांगितलं. तू पण फिजिओला दाखव, मी तर आधी दोन महिने नुसती तेलं चोळत बसले होते.

तुळशीकट्टा
@वाटाण्याचीउसळ ताई, माझं मागे नाही, पुढे जांघेत आहे. पायात मुंग्या वगैरे नाहीत.

ओपीडीनंतरचाचहा
मी स्त्रीरोग विभागात काम करते. इथून निदान होत नाही, पण ओळखायचं कसं ते सांगते.

आधी गोळीचं. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. गरोदरपणात ते स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अर्धी गोळी असली तरी तीच गोळी. साधं पॅरासिटामॉल चालतं, तेही आपल्या डॉक्टरांना विचारून.

आता चमक. गर्भाशयाच्या दोन्ही खांद्यांपासून एकेक दोरी निघते आणि जांघेतून खाली उतरते. म्हणून गर्भाशय पोटात असूनही कळ जांघेत येते, काहींना अगदी योनीच्या ओठापर्यंत जाते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत पोचतं, दोऱ्या आधीच ताणलेल्या असतात. त्यांच्यात स्नायूचे धागे आहेत. सावकाश ताणलं तर त्या जुळवून घेतात, झटक्याने ताणलं की आखडतात. वाढतं गर्भाशय बहुतेकींचं थोडं उजवीकडे कललेलं असतं, त्यामुळे उजवी बाजू जास्त बोलते.

दोन गोष्टी करून बघ. चमक आली की घड्याळ बघ: ही काही सेकंदांत, फार तर मिनिट-दोन मिनिटांत जाते. आणि दुखतंय त्या बाजूला वाक किंवा बसून गुडघा पोटाकडे घे. दोरी सैल पडली की कळ विरते. अपेंडिक्स असं वागत नाही. ते दुखणं टिकतं, तासागणिक वाढतं, भूक मरते, उलटी येते, चालताना हादरा बसला तरी कळ येते. वाढलेल्या गर्भाशयामुळे त्याची जागा थोडी वर सरकू शकते, म्हणून नुसत्या जागेवरून ठरवू नकोस.

मला सांग: दोन चमकांच्या मधल्या वेळात पोट पूर्ण शांत असतं का? लघवीचं काय? पोट कडक होऊन सैल होतं का? अंगावरून रक्त किंवा पाणी? ताप?

तुळशीकट्टा
फोनवर मोजलं. सकाळपासून तीनदा आली: ८ सेकंद, २० सेकंद, १२ सेकंद. वाकलं की खरंच जाते! ताप, रक्त, पाणी काही नाही, पोट कडक होत नाही.

मधल्या वेळात मात्र पूर्ण शांत म्हणता येणार नाही. दोन दिवसांपासून ओटीपोटात, मधोमध, बारीक दुखत राहतं, आडवं पडलं तरी. लघवीला तासातासाला जावं लागतं आणि जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटतं. जळजळ नाही. बाळाचा भार पडत असेल म्हणून सोडून दिलं होतं.

ओपीडीनंतरचाचहा
हे दुसरं आधी लिहायला हवं होतंस. उठताना येणारी चमक आणि पडल्या पडल्या राहणारं दुखणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकीला नाव सापडलं म्हणून दुसरं तिच्या खात्यात टाकायचं नाही. गरोदरपणात लघवीचा संसर्ग जळजळ न होताही असतो आणि तो वर किडनीपर्यंत चढला तर ताप, थंडी, मुदतीआधी कळा असं वाढत जातं. आठ दिवस थांबू नकोस, आज फोन करून जा. लघवीची तपासणी आणि कल्चर दोन्ही करून घे. रात्रीत थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखलं किंवा उलट्या झाल्या तर सरळ भरती.

गच्चीतलीकुंडी
माझंही सांगते, घाबरवायला नाही. २३ आठवड्यांना मी पण लिगामेंट म्हणून गप्प बसले होते. पण माझं उठण्या-बसण्यावर नव्हतंच. पाळी येताना दुखतं तसं यायचं, जायचं, परत यायचं. नणंदेने पोटावर हात ठेवला आणि दर दहा मिनिटांनी दगडासारखं होतंय म्हणाली. दवाखान्यात गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं निघालं. टाका घातला, पुढचे महिने जपून काढले, ३६व्या आठवड्यात मुलगी झाली.

मोगरा२
कॉम्बिफ्लामचं मला माहीत नव्हतं, तेव्हा घरात होती म्हणून घेतली होती. बाकी पट्टा लाव, मला त्याने खूप फरक पडला.

ओपीडीनंतरचाचहा
पट्टा काहींना मानवतो, काहींना नाही. लावायचा तर पोटाखाली, आणि रात्री काढायचा. माझा भर सवयींवर: खुर्चीच्या कडेला सरकून, दोन्ही पाय टेकवून, किंचित पुढे झुकून उठायचं. शिंक येतेय वाटलं की आधी कमरेत वाकायचं. कूस बदलताना गुडघे जुळवून सगळं अंग एकदम वळवायचं.

तुळशीकट्टा
अपडेट. त्याच संध्याकाळी गेले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ठोके ऐकवले, आतून सोनोग्राफी करून गर्भाशयाचं तोंड मोजलं: ३.६ सेंमी, व्यवस्थित. लघवीत पस सेल्स २०-२५ निघाले. कल्चर पाठवलंय, सात दिवसांच्या गोळ्या सुरू आहेत. आज तिसरा दिवस, ओटीपोटातलं दुखणं जवळजवळ गेलं. जांघेतली चमक आहे तशीच आहे. तिला डॉक्टरही राउंड लिगामेंटच म्हणाल्या.

एक नवीन शंका. काल आंघोळीला उभी असताना उजव्या जांघेत सुपारीएवढा मऊ फुगवटा हाताला लागला. आडवी झाले की नाहीसा होतो. दुखत नाही. हे पण तेच का?

मोगरा२
मला नव्हतं असं काही.

ओपीडीनंतरचाचहा
हर्निया असू शकतो, किंवा त्याच दोरीभोवतीच्या शिरा फुगलेल्या असू शकतात. हाताला दोन्ही सारखेच लागतात. फरक डॉपलर सोनोग्राफीत कळतो, स्कॅनच्या दिवशीच सांगून ठेव. तो फुगवटा कडक झाला, दुखू लागला किंवा आडवं पडूनही आत जाईना, तर मात्र स्कॅनची वाट बघायची नाही.

तुळशीकट्टा
स्कॅन मंगळवारी आहे, कल्चरचा रिपोर्टही तोवर येईल. काउंटरची उंच खुर्ची बदलून मागितली आहे. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू.