अनुभव सांगा: डॅलँडर मोटरच्या सहा लीड कशा ओळखल्या?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये 4/8 पोलची, दोन स्पीडची जुनी मोटर आहे. टर्मिनल प्लेट जळाली, खुणा गेल्या, सहा लीड मोकळ्या लोंबतायत. अशी मोटर हाताळली असेल त्यांनी लिहा.

सिद्राम: सहा लीड म्हणजे स्टार-डेल्टाच की हो. तीन जोड्या शोधा, पट्ट्या मारा, झालं.

मल्लिनाथ (वाइंडर): सिद्रामअण्णा, जोड्या सापडणारच नाहीत. स्टार-डेल्टात तीन वाइंडिंग सुटी असतात. इथे सहाही लीड एकमेकींशी जोडलेल्या दिसतील. मागे माझ्याकडे आलेल्या मोटरीत एकेका गटाचा रेझिस्टन्स 1.2 ओहम होता. शेजारच्या लीडमध्ये मीटरने 1.0 दाखवलं, एक सोडून 1.6, समोरासमोर 1.8. म्हणजे सहा गटांची बंद साखळी: लो स्पीडला डेल्टा, हायला डबल स्टार. फॅनसाठीची स्टार/डबल स्टार असती, तर त्याच गटांवर 1.2, 2.4, 3.6 आणि 4.8 असे आकडे आले असते.

पण साखळी सगळीकडून सारखीच. कोणत्या तीन लीड डेल्टाचे कोपरे आणि कोणत्या मधल्या, हे मीटर सांगत नाही. मी कव्हर काढून जोड बघतो. एकाच फेजचे दोन गट जुळतात तिथली लीड मधली, दोन वेगळ्या फेज भेटतात तिथली कोपऱ्याची. लोला सप्लाय कोपऱ्यांना आणि मधल्या मोकळ्या; हायला सप्लाय मधल्यांना आणि कोपरे एकत्र शॉर्ट.

वैशाली: आमच्या कूलरलाही तीन स्पीड आहेत. तेही हेच का?

मल्लिनाथ: नाही ताई, तो सिंगल फेज. त्यात पोल बदलत नाहीत.

इरफान: आमच्या टॉवेल कारखान्यातल्या ब्लोअरला रिवाइंडिंगनंतर लो बरोबर, हायला उलटी फिरत होती. मेनच्या दोन फेज बदलल्या की सरळ होते.

मल्लिनाथ: हाय सरळ होईल, पण लो उलटी होईल! पोल निम्मे झाले की फेजमधलं 240 अंशांचं अंतर 120 होतं, म्हणून क्रम उलटतो. कंपनीच्या खुणा त्याचा हिशोब धरून असतात, रिवाइंडिंगमध्ये त्या चुकतात. हाय स्पीड कॉन्टॅक्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या दोनच वायरी अदलाबदल करा. आणि दिशा बघताना बेल्ट काढा, नाहीतर लोवरून हायला जाताना उलटा झटका शाफ्टला बसतो.

इरफान: हो, शेवटी वायरमनने तेच केलं. आणि लो अन् शॉर्टवाला कॉन्टॅक्टर एकत्र ओढू नयेत म्हणून इंटरलॉक टाकला. तसं झालं तर तीन फेज थेट शॉर्ट.

प्रकाश: मी असतो तर ही काढून साधी 4 पोल आणि व्हीएफडी लावली असती.

मल्लिनाथ: परवडलं तर लावा. इथे प्रश्न आहे ती मोटर जागेवर आहे.

सिद्राम: मग कव्हर न उघडता कोपरे कळतच नाहीत? डिमरस्टॅटवर कमी व्होल्टेज देऊन दोन्ही तिकड्यांचा करंट कुणी मोजलाय का? चुकीच्या तिकडीवर तो जास्त यायला हवा, असं मला वाटतं.

मल्लिनाथ: मी केलेलं नाही. वाइंडिंगवर वार्निश घट्ट असलं की उघडणं जिवावर येतं, त्यामुळे करून बघायला हरकत नाही. आकडे इथे टाका.