मदत हवी आहे : फ्लूमध्ये कानाच्या पडद्यावर फोड, ऐकूही कमी येतंय

रावेर तालुक्यातला पेशंट, वय 34, केळीच्या बागेत काम करतो. फ्लूच्या तिसऱ्या दिवशी उजवा कान अचानक असह्य ठणकू लागला. ओटोस्कोपने पडद्याच्या मागच्या-वरच्या भागात लालसर पाण्याने भरलेले दोन फोड दिसतात. फोड पडद्याच्या बाहेरच्या थरात आहेत. बाकीचा पडदा फुगलेला नाही आणि हवेचा हलका दाब दिला की हलतो, म्हणून नेहमीच्या संसर्गासारखा मधल्या कानात पू साचलाय असं वाटत नाही. मुलांमध्ये दोन्ही एकत्र असतात बऱ्याचदा, इथे तसं दिसत नाही.

काळजी वेगळीच आहे. 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवला तर आवाज डाव्या, म्हणजे चांगल्या कानात मोठा येतो. उजवीकडे हाडापेक्षा हवेतून जास्त ऐकू येतं. नुसता पू किंवा पाणी असतं तर आवाज दुखऱ्या कानाकडे गेला असता. म्हणजे आतल्या कानालाही सूज असावी.

कानाच्या पाळीवर पुरळ नाही, चेहरा वाकडा नाही, चक्कर नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन चालू आहे, त्याने ठणका थोडा कमी आहे. फोड फोडलेले नाहीत, कानात थेंब टाकलेले नाहीत. पेशंटला मधुमेह आहे, साखर जेमतेम आटोक्यात. ऑडिओमेट्री जळगावलाच, ती परवा होईल.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगावं : ऑडिओमेट्रीची वाट न पाहता तोंडाने प्रेडनिसोलोन आजच सुरू करावं का, आणि अशा साखरेत किती डोस, किती दिवस?