मैत्रिणीचे डोहाळजेवण, आणि आपला निकाल नुकताच नकारार्थी आलेला

लातूरची वाचक
वसतिगृहापासूनच्या माझ्या मैत्रिणीचे पुढच्या रविवारी धाराशिवला डोहाळजेवण आहे. दृष्ट लागू नये म्हणून घरच्यांनी सातव्या महिन्यापर्यंत बातमी बाहेर सांगितली नव्हती. गेल्या मंगळवारी आमच्या दुसऱ्या आयव्हीएफचा निकाल नकारार्थी आला आणि बुधवारी तिचा फोन आला. मी ‘अभिनंदन’ एवढेच म्हणाले आणि रेंज नसल्याचे सांगून फोन ठेवला. आमच्या उपचारांविषयी तिला काहीही माहीत नाही. मी जावे का, आणि तिला काय बोलावे?

अंबाजोगाईच्या काकू
ताई, तुम्ही जावे असे मला मनापासून वाटते. ओटी भरताना कोण होते आणि कोण नव्हते, हे त्या बाईच्या वर्षानुवर्षे लक्षात राहते, आणि न येण्याचे कारण तिला माहीत नसेल तर ती आपल्या मनाने काहीतरी कारण लावून घेते. माझे पहिले बाळ गेले तेव्हा दीडच महिन्यात नणंदेचे बारसे होते आणि मी पाळण्याची दोरी धरून उभी राहिले होते. जड गेले, पण त्यानंतर आमच्या दोघींत कधी अंतर पडले नाही.

नांदेडची समुपदेशक
काकूंचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्यांचा सल्ला सर्वांना लागू होईल असे मला वाटत नाही. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांशी मी बारा वर्षे बोलत आले आहे. अभिनंदन करणे आणि समारंभाला हजर राहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकत्र बांधली की दोन्ही बिघडतात.

आधी शरीराचा विचार करा. निकाल नकारार्थी आला की प्रोजेस्टेरॉन थांबवतात आणि साधारण आठवडाभरात पाळी येते. ती पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त दुखणारी असते. तुमचा रविवार त्याच दिवसांच्या आसपास येतो. शिवाय डोहाळजेवणात नेमके काय घडते तेही डोळ्यांसमोर आणा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, आणि मग दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवतात. तिने वाटी उचलली की सगळ्या जणी ओरडतात, आणि त्याच गडबडीत एखादी मावशी मायेनेच तुमच्या ओटीत नारळ घालून ‘पुढच्या वर्षी तुझे’ असे सगळ्यांदेखत म्हणते. माझ्याकडे येणाऱ्या बायका झोपाळ्यापर्यंत निभावून नेतात आणि या वाक्यापाशी कोसळतात.

आता अभिनंदनाविषयी. शेली गेबल या संशोधिकेने 2004 साली सहकाऱ्यांसह दाखवले की आनंदाची बातमी सांगणाऱ्याला नुसते ‘छान’ फारसे पोचत नाही. ऐकणाऱ्याने त्या बातमीत रस घेऊन पुढचे काही विचारले, तर नाते घट्ट होते. तुमच्या फोनवर तेच हुकले: शब्द बरोबर होता, पण त्यानंतर प्रश्न आला नाही. ते अजूनही भरून काढता येते. दोन दिवसांत एक संदेश लिहा आणि त्यात तिच्याविषयीचा एक खरा प्रश्न ठेवा, म्हणजे पहिल्यांदा बाळाची हालचाल कधी जाणवली, किंवा बाळंतपणाला माहेरी येणार का. प्रश्न असा निवडा, की ज्याचे उत्तर तुम्ही वाचू शकाल. सोनोग्राफीचे फोटो पाहवणार नसतील तर ते मागू नका. लिहून झाल्यावर वाक्ये मोजा. निम्म्याहून अधिक तुमच्या न येण्याविषयी असतील, तर ते अभिनंदन नसून माफी झाली आहे, पुन्हा लिहा.

परभणीचा योगशिक्षक
मला वाटते, मूळ प्रश्न मत्सराचा आहे. पतंजलींनी सुखी माणसाविषयी मुदिता, म्हणजे आनंदाची भावना, ठेवायला सांगितले आहे. रोज सकाळी दहा मिनिटे मैत्रिणीचा हसरा चेहरा डोळ्यांसमोर आणून तिच्या सुखाची इच्छा करावी. रविवारपर्यंत मन निवळेल आणि आपण आनंदाने जाल.

नांदेडची समुपदेशक
सर, त्या सूत्रात सुखी माणसाविषयी मैत्री सांगितली आहे आणि मुदिता पुण्यवानाविषयी आहे. हा फरक येथे महत्त्वाचा आहे, कारण मैत्रीत समोरच्याइतकेच आनंदी व्हावे अशी अट नसते. आपण सुचवलेला सराव चांगला आहे आणि काहींना त्याचा उपयोगही होतो, परंतु या ताईंना मैत्रिणीचे सुख नको आहे असे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. हे दुःख आहे. त्याला मत्सर म्हटले की माणूस स्वतःला अपराधी समजू लागतो आणि मग फोनच उचलेनासा होतो.

परंड्याचा शेतकरी
मीही यातून गेलो आहे, म्हणून लिहितो. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुरात माझे सोयाबीन शेतातच कुजले, आणि दिवाळीनंतर मित्राची वास्तुशांत आली. आहेर करायला हातात काही नव्हते. मी आदल्या दिवशी त्याच्याकडे गेलो, परिस्थिती सांगितली आणि मांडव घालायला थांबलो. त्याने आहेराचा विषयही काढला नाही. ताईंनीही खर्चाचा विचार करू नये. खण-नारळ पुरे आहे.

लातूरची वाचक
दादा, आपली कळकळ पोचली. माझी अडचण आहेराची नाही, तेथे उभे राहण्याची आहे. पण आपण आदल्या दिवशी जाऊन सांगितलेत, ही गोष्ट माझ्या मनात राहिली आहे.

जालन्याची वाचक
मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या डोहाळजेवणाला सर्वांत जवळची मैत्रीण आली नाही. ‘ऑफिसचे काम आहे’ असे तिने कळवले. बाळाच्या बारशालाही ती आली नाही. मी तिला गर्विष्ठ समजले आणि तीन वर्षे बोलले नाही. मग तिच्या आईकडून तिचे दोन गर्भपात कळले. मला तेव्हा एक ओळ जरी मिळाली असती, तरी मी स्वतः तिच्या दारात गेले असते. समुपदेशक ताई ‘माफी नको’ म्हणतात ते मला पटते, पण कारण लपवायला माझा ठाम विरोध आहे.

अंबाजोगाईच्या काकू
गरोदर बाईला असले सांगू नये. सातवा महिना आहे, तिच्या जिवाला घोर लागेल. जायचे नसेल तर जाऊ नका, पण हे बाळंतपणानंतर सांगा.

जालन्याची वाचक
काकू, गरोदर बाईला दुःख ऐकवू नये असे आपण सगळेच म्हणतो, पण मला त्या महिन्यांत जो घोर लागला, तो मैत्रीण का तुटली याचाच होता.

नांदेडची समुपदेशक
यावर माझ्याकडे एकच उत्तर नाही. मी दोन्ही तऱ्हेने गोष्टी घडताना पाहिल्या आहेत. एवढे मात्र सांगते, की कारण सांगायचे ठरवले तर ते अभिनंदनाच्या संदेशात घालू नका. त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळा फोन असू द्या, नाहीतर तिला तुमचे सांत्वन करायचे की आपला आनंद सांगायचा, हेच कळणार नाही. आणि खोटे कारण देऊ नका. ‘सध्या माझी तब्येत ठीक नाही, सविस्तर नंतर सांगेन’ हे तुमच्या बाबतीत पूर्ण खरे आहे.

लातूरची वाचक
काल रात्री मी तिला असे लिहिले: ‘परवा फोनवर नीट बोलता आले नाही. तुझी बातमी ऐकून वसतिगृहाच्या गच्चीवर तू बाळाची नावे ठरवायचीस ते आठवले. त्यातले कोणते ठेवणार आहेस? माझी तब्येत सध्या ठीक नाही, त्यामुळे रविवारी जमणार नाही, पण शनिवारी तासभर येऊन तुला भेटून जाईन.’ तिने लगेच तीन नावे पाठवली आणि शनिवारी जेवायला काय करू असे विचारले. शनिवारी कारण सांगायचे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. काकू आणि जालन्याच्या ताई, दोघींचे म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचते आहे.