उ: साग आता तोडावा की पाच वर्षं थांबावं?

> "आज १० लाख मिळतात, पाच वर्षांनी १५ मिळतील. ८ टक्के व्याज धरून त्याचं आजचं मूल्य १०.२१ लाख, म्हणजे थांबण्यातच फायदा."

हिशेब बरोबर आहे, पण यात जमीन फुकट धरलीय. आज तोड केली तर ती मोकळी होते. वर्षाला १५ हजार खंड येत असेल, तर पाच वर्षांच्या खंडाचं आजचं मूल्य साधारण ६० हजार होतं. मग थांबण्याचे १०.२१ विरुद्ध आज तोडण्याचे १०.६० लाख, आणि आज तोडणं सरस ठरतं. फाउस्टमन या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ मध्येच हे गणितात बसवलं होतं. जमीन खंडाने दिली नाही तरी साग खुंटातून पुन्हा फुटतो, म्हणजे थांबलात तर दुसरं पीकही तेवढंच लांबतं.

तरी लगेच कुऱ्हाड लावू नका. जाड ओंडक्याला घनफुटाचा दरच जास्त मिळतो. छातीच्या उंचीवर टेप लावून गोलाई मोजा. बरीच झाडं वरच्या दराच्या उंबरठ्यावर असतील आणि पाच वर्षांनी १५ ऐवजी १६ लाख येणार असतील, तर आजचं मूल्य १०.८९ लाख होतं आणि थांबणंच परवडतं. वाढ खुंटली असेल तर मात्र नाही.