जुनी वेस्टर्न मालिका ओळखायची कशावरून: शेरीफ, टोळी की रँचवालं कुटुंब?

सांजवारा: सत्तरच्या दशकात टोरांटोला मामांकडे एक वेस्टर्न मालिका बघायचे. मोठं रँच, करारी बाप, त्याची मेक्सिकन बायको आणि तिचा हसरा, रंगेल भाऊ. मुलाचं बापाशी सारखं वाजायचं. शेरीफही होता, पण नाव आठवत नाही. मी ‘बोनांझा’ म्हणते, नवरा नाही म्हणतो. अशा वेळी कशावर भरवसा ठेवायचा?

माळरान: शेरीफवर! तो दर आठवड्याला तोच असतो. पांढरे केस, जाड मिशा, शांत बोलणं असं काही आठवतं का? तो रॉय कॉफी. म्हणजे गाव व्हर्जिनिया सिटी आणि मालिका ‘बोनांझा’. ‘गनस्मोक’ही मी असंच ओळखतो, डॉज सिटीच्या मॅट डिलनवरून.

जुना_प्रेक्षक: माळरान, रॉय कॉफीचं बरोबर आहे, पण मॅट डिलन शेरीफ नव्हे, केंद्र सरकारचा मार्शल. शेरीफ काउंटीचा, तिथल्या मतदारांनी निवडलेला. हा फरक ओळखायला उपयोगी पडतो, पण आठवणीत छातीवर बिल्ला लावलेला प्रत्येक जण शेरीफच होतो. शिवाय रँचच्या मालिकांत तो बहुधा पाहुण्यासारखा येऊन कोणाला तरी पकडून नेतो. म्हणून माझा भरवसा कुटुंबावर, आणि त्यातही पहिला प्रश्न घरातल्या बाईचा.

‘बोनांझा’त बेन कार्टराइट तीनदा विधुर झालेला. ॲडम, हॉस आणि लिटल जो या तिघांच्या आया वेगवेगळ्या आणि तिघीही वारलेल्या. पॉन्डरोसावर मालकीणच नाही, स्वयंपाक हॉप सिंग करतो. ‘द बिग व्हॅली’त उलट: बाप गेलेला आणि रँचचा कारभार व्हिक्टोरिया बार्कलीच्या हातात. सांजवाराताई, तुमच्या घरात नवरा-बायको दोघं जिवंत आहेत, म्हणजे या दोन्ही बाद.

उरते ‘द हाय चॅपरल’, 1967 ते 1971, ॲरिझोनातल्या टूसॉनजवळची. जॉन कॅननची पहिली बायको सुरुवातीलाच अपाची बाणाने मरते. मग शेजारचा मेक्सिकन जमीनदार डॉन सेबास्टियन मोंतोया याच्याशी युती करताना जॉन त्याच्या मुलीशी, व्हिक्टोरियाशी, लग्न करतो. तिच्यासोबत भाऊ मॅनोलिटोही रँचवर राहायला येतो. तोच तुमचा हसरा मेहुणा. बापाशी वाजतं ते पहिल्या बायकोच्या मुलाचं, ब्लूचं. शेवटच्या हंगामात ब्लू नाही, त्यामुळे मुलगा आठवतो म्हणजे तुम्ही आधीचे भाग पाहिलेत.

कोकणकडा: माझंही एक शोधायचं आहे. दोन दरोडेखोर, टोळी सोडलेली, राज्यपाल माफी देईल म्हणून सरळ वागतात. आमच्या घरात वाद असा की त्यातला एक नट मध्येच बदलला की दोन वेगळ्या मालिका?

जुना_प्रेक्षक: एकच मालिका, ‘एलियस स्मिथ अँड जोन्स’. हॅनिबल हेझ आणि किड करी, डेव्हिल्स होल टोळीचे माजी म्होरके. हेझ करणारा पीट ड्यूएल 31 डिसेंबर 1971 ला गेला, पुढे ती भूमिका रॉजर डेव्हिसने केली. तुमच्या घरातले दोघेही आपापल्या जागी खरं पाहत होते. इथे टोळी कामाला आली, कारण नायकच टोळीतले. एरवी ती सगळ्यात कच्ची खूण. टोळी एका भागात येते आणि त्याच भागात संपते. डाल्टन किंवा जेसी जेम्स आठवत असेल, तर ते इतक्या मालिकांत येऊन गेलेत की हाती काहीच लागत नाही.

माळरान: पण कुटुंबही फसवतं की! ‘लॅन्सर’मध्येही करारी बाप आणि वेगवेगळ्या आयांचे मुलगे आहेत, त्यातल्या एकाची आई मेक्सिकन. सांजवाराताईंनी ते दोन भाऊ मेहुणे म्हणून लक्षात ठेवले असतील तर? मी शेरीफ सोडणार नाही.

जुना_प्रेक्षक: शंका रास्त आहे. म्हणून तर जिवंत बायकोवर जोर देतोय. मर्डोक लॅन्सरच्या दोन्ही बायका गेलेल्या आहेत.

सांजवारा: बायको नक्की होती, काळे केस, नवऱ्याला ठणकावून बोलणारी. म्हणजे ‘हाय चॅपरल’. पण सुरुवातीला नकाशा जळतो आणि त्यातून घोडेस्वार येतात, हेही मला स्वच्छ दिसतंय. आणि उंच टोपीतला एक धिप्पाड, प्रेमळ भाऊ.

जुना_प्रेक्षक: जळता नकाशा ‘बोनांझा’चाच, आणि तो भाऊ हॉस. दोन्ही मालिका डेव्हिड डॉर्टॉर्टच्या, दोन्ही एनबीसीच्या. मामांकडे दोन्ही लागत असणार असं मला वाटतं.

माळरान: मग तो शेरीफ कुठल्या मालिकेतला? पांढऱ्या मिशा होत्या का, तेवढं मामांना विचारून सांगा.