तीच अ‍ॅक्टिनची पट्टी दोनदा: पेपर बाद की शंका बाद?

पेशीवाला: एमएस्सीच्या जर्नल क्लबसाठी पेपर घेतलाय. आकृती २ मधल्या २४ तासांच्या आणि आकृती ५ मधल्या ७२ तासांच्या प्रथिनांच्या ब्लॉटखाली, सगळे नमुने सारखे भरलेत हे दाखवणारी अ‍ॅक्टिनची पट्टी अगदी एकसारखी दिसते. सर म्हणतात, मोठं जर्नल आहे, उगाच खुसपट काढू नकोस. बाकीच्या आकृत्या खऱ्या धरू का?

जेलवाली: पीडीएफचा स्क्रीनशॉट असेल तर फेकून दे. जर्नलच्या साइटवरून मूळ आकाराची आकृती उतरव, इमेजजे या चित्रं तपासायच्या प्रोग्रॅममध्ये उघड आणि `Image > Adjust > Brightness/Contrast` मधून पार्श्वभूमी दिसेपर्यंत ओढ. बँडकडे बघू नकोस. अ‍ॅक्टिन भरपूर असतं, जास्त एक्सपोजर दिलं की सगळे काळे ढब्बे भावंडांसारखे दिसतात. बघायचं ते त्यांच्या आजूबाजूला: धुळीचे ठिपके, बुडबुड्याचा पांढरा डाग, एखादा ओरखडा. हे आपोआप पडतं, त्यामुळे दोन वेगळ्या ब्लॉटवर चार ठिपके त्याच जागी येणं जवळपास अशक्य. एक पट्टी आडवी उलटवूनही बघ. आरशात फिरवलेली पट्टी डोळ्याला सहज चकवते.

सबुरी: हे वाचन की पंचनामा? ब्लॉटच्या एकाच मेम्ब्रेनवर आधी एक अँटिबॉडी, मग ती धुऊन म्हणजे स्ट्रिप करून दुसरी, शेवटी अ‍ॅक्टिन, हे रोज चालतं. दोन प्रथिनांखाली एकच अ‍ॅक्टिन दाखवणं चूक नाही. आणि एलिझाबेथ बिक यांच्या २०१६ च्या पाहणीत २०,६२१ पेपरांपैकी ३.८ टक्क्यांतच फोटोंची गडबड सापडली. शंभरातले ९६ स्वच्छ आहेत की!

जेलवाली: स्ट्रिपिंगचं खरं आहे, पण मेम्ब्रेन एक तर नमुनेही तेच. मग वर लेबल एकदा २४ तास आणि एकदा ७२ तास कसं? आणि ९६ स्वच्छ नव्हेत, ९६ मध्ये डोळ्यांना काही दिसलं नाही, एवढंच. त्या पाहणीत एकाच पेपरातले फोटो एकमेकांशी ताडले होते. आलेख आणि तक्ते त्यात नव्हते. सापडलेल्यांपैकी निम्म्यांत तरी हे मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं, तेही त्याच पाहणीत आहे. २०१४ चा ‘नेचर’मधला स्टॅप पेशींचा पेपर घे. टेराटोमाचे, म्हणजे त्या पेशींपासून वाढवल्याचं सांगितलेल्या गाठींचे, फोटो लेखिकेच्याच पीएचडी प्रबंधातले, वेगळ्या प्रयोगाचे निघाले. नुसत्या पेपरात रात्रभर शोधलं असतं तरी ते सापडले नसते. जेलच्या एका आकृतीत मात्र तिसरी लेन दुसऱ्या जेलवरून आणून बसवली होती. तशी जोड पार्श्वभूमीच्या छटेतून कळू शकते.

हळदीचं_दूध: माझ्याच पेपरात असं झालं होतं. आकृती जुळवताना जागा अडवायला जुनी पट्टी टाकली आणि खरी टाकायची राहून गेली. एका अनोळखी वाचकाने पत्र लिहिलं. मूळ फिल्म फायलीत होत्या म्हणून दुरुस्ती छापून निभावलं, पण ते तीन महिने मला विचारा. तेव्हा ‘फ्रॉड’ शब्द जरा आवरून वापरा.

पेशीवाला: कॉन्ट्रास्ट वाढवला तर सगळीकडे बारीक चौकोन दिसतायत, सरळ कडांचे. जोडकाम सापडलं ना?

जेलवाली: नाही. ते जेपेगचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे आहेत, कुठल्याही दाबलेल्या चित्रात निघतात. जोड एकाच ठिकाणी असते आणि तिच्या दोन बाजूंची पार्श्वभूमी वेगळी दिसते.

मोजपट्टी: फोटोतच अडकलात सगळे. तक्ते बघितले का?

पेशीवाला: तक्ता १ मध्ये ८ माद्या, पिल्लांची सरासरी ६.३१.

मोजपट्टी: पिल्लं पूर्णांकात जन्मतात. ५० पिल्लं असतील तर ५० भागिले ८ म्हणजे ६.२५; ५१ असतील तर ६.३७५. मधे काही नाही. एक मादी मेली धरून ७ केल्या, तरी ६.२९ नाहीतर ६.४३. हा आकडा येतो कुठून? कागद-पेन्सिलीचं काम आहे, पण माद्या शेकड्यांनी असल्या की ही चाचणी निकामी. दोन दशांशांत कुठलीही सरासरी बसते.

सबुरी: प्रत्येकीची दोन वेतं मोजली असतील तर? १०१ भागिले १६, ६.३१. बसलं!

मोजपट्टी: बसलं खरं. पण पद्धतीच्या भागात दोन वेतांचा उल्लेख हवा.

पेशीवाला: तिथे वेतांबद्दल चकार शब्द नाही. आणि पट्टीचे पाच ठिपके जुळले, न उलटवता. पुरवणीत न कापलेले ब्लॉट दिलेत, पण फक्त आकृती २ चे.

जेलवाली: मग आकृती ५ चा मूळ ब्लॉट पत्रव्यवहाराच्या लेखकाकडे माग. ‘नक्कल’ शब्द लिहू नकोस. दोन्ही आकृत्या आणि जुळलेले ठिपके दाखव. तोवर जर्नल क्लबमध्ये ७२ तासांचा निष्कर्ष बाजूला ठेव.

सबुरी: आणि ७२ तासांची पट्टीच २४ तासांच्या जागी चुकून लागली असेल तर? मग आकृती ५ बरोबर आणि २ चूक.

पेशीवाला: सरांना हेच विचारतो उद्या.